पांढरा दिवा, काळा पडदा: एका कन्सोलच्या दुरुस्तीच्या नोंदी

४ जून

दुरुस्तीला आलेली वस्तू: पीएस४, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा प्लेस्टेशन ४ कन्सोल, पहिल्या पिढीतला जाड आकाराचा. तक्रार: टीव्हीवर चित्र येत नाही. पूर्वेतिहास: केबलमध्ये कोणाचा तरी पाय अडकून कन्सोल खाली ओढला गेला, टीव्हीची केबल जोडायचा एचडीएमआय पोर्ट वाकला, तो दुसरीकडे बदलून घेतला; पोर्ट नवा झाला, पण चित्र आले नाही ते आलेच नाही.

कन्सोल घेऊन आलेला मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि यंत्र त्याच्या मोठ्या भावाचे आहे. टेबलावर ठेवता ठेवताच त्याने निदान सांगून टाकले: "काका, पोर्ट पुन्हा बदलावा लागेल." मी विचारले, "कशावरून?" तो म्हणाला, "चित्र येत नाही ना, म्हणून." मी त्याला सांगितले की चित्र न येणे ही तक्रार झाली, कारण नव्हे, आणि ज्याने आधी पोर्ट बदलला त्यानेही बहुधा तक्रारीलाच कारण मानले असावे. मुलगा गप्प झाला, पण गेला नाही. पेचकस आणि मीटर यांच्याकडे ज्या नजरेने तो पाहत होता, ती नजर मला ओळखीची आहे. सुट्टी असेपर्यंत रोज संध्याकाळी येऊन काम पाहू का, असे त्याने विचारले. घरून परवानगी आणल्यावर मी होकार दिला आणि दोन अटी घातल्या. वीजपुरवठ्याच्या बंद डब्याला हात लावायचा नाही, कारण त्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट काही काळ राहू शकतात. दुसरी अट अशी की कोणतेही मोजमाप घेण्यापूर्वी काय दिसेल असे वाटते ते या वहीत लिहायचे, आणि ते लिहिल्याशिवाय मीटर उचलायचा नाही.

यंत्र न उघडता पहिली चाचणी केली. बटण दाबल्यावर एकदा बीप वाजली, निळा दिवा मंद-तेज होत राहिला आणि काही सेकंदांत पांढरा होऊन स्थिरावला. या साध्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. निळ्याचा पांढरा झाला याचा अर्थ मुख्य प्रोसेसर, त्याची स्मृती आणि वीजपुरवठा यांनी आपापले काम सुरू केले आहे. निळा दिवा लुकलुकून यंत्र बंद पडले असते तर शोध प्रोसेसरपासून चित्र बाहेर पाठवणाऱ्या चिपपर्यंत कुठेही न्यावा लागला असता. आता निम्म्याहून अधिक बोर्ड संशयाबाहेर गेला.

दुसरे निरीक्षण मुलाने स्वतः केले आणि ते मला आवडले. टीव्हीच्या इनपुटांच्या यादीत आधी फिकट असलेले एक नाव कन्सोल सुरू होताच ठळक झाले, म्हणजे काहीतरी जोडले गेले आहे हे टीव्हीला कळले. तरीही ते इनपुट निवडल्यावर "सिग्नल नाही" एवढीच सूचना आली. "टीव्हीला कळतंय तरी कसं, चित्र नसताना?" हा त्याचा प्रश्न उद्यासाठी ठेवला.

५ जून

कालच्या प्रश्नाचे उत्तर देताना संपूर्ण पोर्टच समजावून सांगावा लागला. एचडीएमआयच्या पोर्टमध्ये १९ पिना असतात आणि निदानासाठी त्यांचे दोन गट पाडले की पुरते. पिन १ ते १२ हा वेगवान गट. त्यात चार जोड्या आहेत, तीन चित्राच्या आणि एक घड्याळाची, म्हणजे बिटांचा ताल देणारी, आणि प्रत्येक जोडीच्या दोन तारांच्या मधली पिन तिच्या आवरणाची, म्हणजे ग्राउंडची. उरलेला गट संथ आहे. पिन १८ वरून कन्सोल टीव्हीला ५ व्होल्ट देतो. ते ५ व्होल्ट पोहोचले की टीव्हीला कोणीतरी जोडले गेल्याचे कळते आणि तो पिन १९ वरून "मी हजर आहे" असे उलट कळवतो. मग पिन १५ आणि १६ वरून कन्सोल टीव्हीची माहिती वाचतो: किती रेझोल्यूशन चालते, कोणता ध्वनी चालतो, वगैरे. एवढे झाल्यावर वेगवान जोड्यांवरून चित्र वाहू लागते.

यावरून मुलाने अनुमान काढायचे होते. त्याने वहीत लिहिले: "टीव्हीला कन्सोल कळला म्हणजे पिन १८ चांगली. बिघाड १ ते १२ मध्ये असणार." अनुमान चांगले होते, पण थोडे घाईचे. पिन १५ किंवा १६ तुटली असती तरीही टीव्हीला कन्सोल कळला असता आणि तरीही चित्र बिघडू शकले असते. म्हणून मी त्याला "असणार" खोडून "असण्याची शक्यता अधिक" असे लिहायला लावले. त्याला ते फारसे पटले नाही. या वयात कोणाला पटते?

त्यानंतर सेफ मोडची चाचणी. कन्सोल पूर्ण बंद करून बटण दाबून धरायचे. पहिल्या बीपनंतर सुमारे सात सेकंदांनी दुसरी बीप वाजली की सोडायचे. या अवस्थेत कन्सोल ४८०पी एवढे कमी रेझोल्यूशन पाठवतो. पूर्वी कोणी टीव्हीला न झेपणारे रेझोल्यूशन निवडून ठेवले असेल तर येथे चित्र दिसते आणि दुरुस्ती मेनूतच संपते. अशी यंत्रे मी न उघडता परत दिली आहेत. मुलाचा अंदाज: "चित्र येणार नाही, कारण कन्सोल पडल्यावर बिघडला, मेनू बदलल्यावर नाही." निकाल: चित्र आले नाही. अंदाजामागचे कारण त्याने इतिहासातून घेतले होते, हे विशेष. तक्रार नेमकी केव्हा सुरू झाली हे विचारायला मीटर लागत नाही, आणि गिऱ्हाईक ते विचारल्याशिवाय क्वचितच सांगते.

६ जून

आज मीटरचा डायोड मोड शिकवला. या कामात त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. कन्सोलची वीज काढलेली, टीव्हीची केबल सोडवलेली. ही दोन्ही पथ्ये सक्तीची आहेत, कारण टीव्हीच्या आत प्रत्येक वेगवान तारेला ५० ओहमच्या रोधातून ३.३ व्होल्टकडे ओढलेले असते आणि केबल लागलेली असेल तर आपण कन्सोलऐवजी टीव्हीच मोजत बसतो.

पद्धत अशी. मीटरचे लाल टोक ग्राउंडला, म्हणजे पोर्टच्या धातूच्या कवचाला, आणि काळे टोक तपासायच्या पिनेला लावायचे. त्या पिनेची रेषा बोर्डवरून चित्राच्या चिपपर्यंत जाते आणि चिपच्या आत तिच्या व ग्राउंडच्या मध्ये संरक्षक डायोड असतो. मीटर अगदी थोडा प्रवाह सोडतो आणि त्या डायोडवर किती व्होल्ट पडले ते दाखवतो. रेषा वाटेत तुटली असेल तर प्रवाहाला वाट नाही, मीटरवर `OL` दिसते. रेषा ग्राउंडला टेकली असेल तर शून्याजवळचा आकडा येतो.

मुलाने लगेच विचारले, "मग बरोबर आकडा किती?" मी म्हटले, तो मला ठाऊक असायची गरजच नाही. आकडा चिपवर अवलंबून असतो, मीटरवरही थोडाफार असतो. पण येथे चार जोड्यांच्या आठ रेषा एकाच चिपच्या एकसारख्या आठ पायांना जातात. म्हणून त्या आठांचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. निरोगी रेषा कशी असते हे बाजूच्या सात रेषाच सांगतात. बोर्डाचा नकाशा हाती नसताना काम करणाऱ्याला असा आधार मिळेल तेथे तो घ्यावाच लागतो, आणि आमच्या हाती बहुतेक वेळा नकाशा नसतो.

पोर्टच्या आत मीटरचे टोक घालायचे नाही, कारण पिना अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर असतात आणि टोकाने त्या वाकतात. त्यासाठी मी एक जुनी केबल मधोमध कापून तिची प्रत्येक तार एका पट्टीवर क्रमाने सोल्डर करून ठेवली आहे. केबल पोर्टमध्ये खोचायची आणि पट्टीवर मोजायचे.

मुलाने मोजलेले आकडे असे आले. पिन १, ३, ४, ६: सगळे ०.३८ ते ०.३९. पिन ७: ०.३८. पिन ९: `OL`. पिन १०, १२: ०.३९. तो टाळी वाजवायच्या बेतात होता. मी विचारले, "तार आपल्या कापलेल्या केबलचीच तुटली नसेल कशावरून?" त्याला हा प्रश्न अन्यायाचा वाटला असावा, पण त्याने कपाटातला एक चालू कन्सोल काढला, तीच केबल त्यात खोचली आणि पिन ९ मोजली. आकडा आला. म्हणजे केबल निर्दोष, बिघाड यंत्रातच. पिन १५ आणि १६ ही त्याने न सांगता मोजल्या. त्या दोघींचे आकडे आपसांत जुळले, तेव्हा कालचे "शक्यता अधिक" आज पक्के झाले.

पिन ७ आणि ९ ही शून्य क्रमांकाची जोडी. तिच्यावरून निळा रंग जातो आणि त्याच्याबरोबर ओळ व चित्र कोठे सुरू होते याच्या खुणाही जातात. ही जोडी अर्धी तुटली की टीव्हीला चित्राची सुरुवातच सापडत नाही. नुसता रंग बिघडण्याऐवजी पडदा सरळ काळा का आहे, त्याचे उत्तर येथे मिळाले.

८ जून

यंत्र उघडले, बोर्ड बाहेर काढला. आता प्रश्न एवढाच होता की पिन ९ पासून चिपपर्यंतच्या वाटेत तुटले कोठे. या वाटेवर पोर्टचा सोल्डर, मग रेषेचा छोटा तुकडा, मग एक बारीक फिल्टर, मग पुन्हा रेषा आणि शेवटी चिपचा पाय लागतो. फिल्टर म्हणजे जोडीच्या दोन्ही तारांवर गुंडाळलेले जुळे वेटोळे, चार टोकांचा, जेमतेम तांदळाच्या कणीएवढा. बाहेरचा गोंगाट अडवायचा आणि चित्र जाऊ द्यायचे, हे त्याचे काम. चार जोड्यांचे चार फिल्टर पोर्टच्या मागेच ओळीने बसलेले असतात.

मुलाला पोर्टपासून क्रमाने एकेक ठिकाण मोजत जायचे होते. मी त्याला आधी मध्यावर, म्हणजे फिल्टरच्या चिपकडच्या टोकावर मोजायला सांगितले. तेथे आकडा आला तर चिप आणि अर्धी वाट एका मोजमापात सुटते. नाही आला तर पोर्टकडचा भाग तूर्त सोडता येतो. वाट पाच टप्प्यांची असताना हा हिशेब क्षुल्लक वाटतो. पण उद्या हाच मुलगा वीस टप्प्यांची ५ व्होल्टची वाट शोधत असेल तेव्हा ही सवय त्याचे तास वाचवील.

निकाल: चिपकडच्या टोकावर ०.३८. चिप चांगली आहे. माझ्यासाठी ही दिवसाची सर्वांत मोठी बातमी होती, कारण ती चिप बदलणे हे गरम हवेचे आणि जोखमीचे काम असते. मग पोर्टच्या पिनेपासून फिल्टरच्या पोर्टकडच्या टोकापर्यंत अखंडता तपासली. मीटर वाजला, म्हणजे नव्या पोर्टचा सोल्डरही चांगला. तेव्हा तुटले ते फिल्टरमध्ये किंवा त्याच्या सांध्यात.

येथे एक गमतीची गोष्ट घडली आणि तिच्यावर बराच वेळ गेला. मुलाने फिल्टरच्या दोन टोकांमध्ये अखंडता मोजली तर मीटर वाजला. पुन्हा मोजले, वाजला नाही. तिसऱ्यांदा वाजला. "काका, बरा झाला वाटतं," असे तो अर्धवट थट्टेने म्हणाला. मी त्याला मीटरची टोके फिल्टरवर न टेकवता त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रेषेवर टेकवायला सांगितली. तसे केल्यावर प्रत्येक वेळी `OL` आले. मग तसेच धरून ठेवून लाकडी काडीने फिल्टर हलकेच दाबला. मीटर वाजला. काडी उचलली, थांबला.

म्हणजे फिल्टरचा सांधा तडकलेला होता आणि आम्ही मीटरच्या टोकाने तो दाबून तात्पुरता जोडत होतो. मोजणाऱ्याचा हात मोजमापात मिसळतो, ही गोष्ट मी तोंडी कितीही सांगितली असती तरी त्या काडीने जितकी पटली तितकी पटली नसती. सुटा पडलेला सांधा तपासताना भागावर टोक टेकवायचे नाही, रेषेवर टेकवायचे, हे त्याने आपणहून वहीत लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

९ जून

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. फिल्टर किंचित तिरका बसला आहे, त्याच्या एका कोपऱ्याखालचा तांब्याचा पॅड बोर्डपासून उचलला गेला आहे आणि आसपासचे फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट वाहावा म्हणून लावलेला लेप, करपले आहे. कारण उघड आहे. पोर्टचे चार जाड पाय बोर्डच्या ग्राउंडच्या थराला जोडलेले असतात आणि तो थर उष्णता ओढून घेतो. खालून बोर्ड आधी तापवला नाही तर वरून फार वेळ गरम हवा मारावी लागते आणि शेजारचे बारीक भाग सोल्डरवर तरंगू लागतात. त्यातच चिमट्याचा धक्का लागला की पॅड उचलतो. ज्याने पोर्ट बदलला त्याचा पोर्टचा सोल्डर मात्र सुबक आहे, हेही नोंदवतो.

मुलाचा पहिला प्रश्न, "मग पोर्ट बदलायला नको होता का?" होता. बदलायलाच हवा होता. वाकलेला पोर्ट खरोखर वाकलेला होता. पण बदलल्यानंतर आठ रेषा पुन्हा मोजल्या असत्या तर ही दुसरी जखम त्याच दिवशी सापडली असती.

११ जून

निदान पक्के करण्यासाठी आज तात्पुरती तार घातली: ०.१ मिलिमीटरची एनॅमल लावलेली तांब्याची तार, पोर्टच्या पिन ९ पासून फिल्टरला वळसा घालून पलीकडच्या रेषेपर्यंत. सोल्डरिंग मी केले. मुलगा मेलेल्या बोर्डावर तीच तार लावण्याचा सराव करत होता आणि त्याच्या पहिल्या काही सांध्यांना सांधे म्हणणे धाडसाचे ठरेल. तार मुद्दाम सैल, सुमारे दोन सेंटिमीटरची ठेवली होती, जेणेकरून ती काढताना पिनेवर ताण येऊ नये.

आठही रेषांचे आकडे जुळले. बोर्ड पंखा आणि उष्णतावाहक पट्ट्यासह पुन्हा बसवला, सेफ मोडमध्ये सुरू केला. टीव्हीवर मेनू आला, स्वच्छ. मुलगा खुर्चीवरून उठला. मग नेहमीप्रमाणे सुरू केला. १०८०पी मध्ये चित्र आले खरे, पण त्यावर पांढरे-निळे ठिपके चमकत होते आणि मध्येच पडदा काळा होऊन पुन्हा येत होता.

"मीटर तर सगळं बरोबर म्हणतोय," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, जणू मीटरने त्याला फसवले. मी त्याला विचारले की मीटरने नेमके काय सांगितले होते. बराच विचार करून तो म्हणाला, "की तार जोडलेली आहे." एवढेच त्याने सांगितले होते. जोडलेली तार किती वेगाने निरोप नेऊ शकते, याबद्दल मीटरला काहीही ठाऊक नसते. त्याचा प्रवाह स्थिर असतो.

१२ जून

पाऊस, गिऱ्हाईक कमी, म्हणून कालच्या ठिपक्यांचा हिशेब कागदावर केला. तो येथे उतरवून ठेवतो, कारण आकडे मुलाने काढले आहेत.

४८०पी मध्ये प्रत्येक चित्रजोडीवरून सेकंदाला २७ कोटी बिट जातात. १०८०पी मध्ये, सेकंदाला ६० चित्रे असताना, १४८ कोटी ५० लाख. म्हणजे एका बिटाला पहिल्या वेळी सुमारे ३.७ नॅनोसेकंद मिळतात आणि दुसऱ्या वेळी अवघे ०.६७. आता जोडीतल्या दोन्ही तारा एकाच वेळी परस्परविरुद्ध हालचाल करतात आणि टीव्ही त्यांच्यातील फरक वाचतो. एक तार दुसरीपेक्षा लांब झाली तर तिचा निरोप उशिरा पोहोचतो. तारेतून विजेचा संकेत नॅनोसेकंदाला साधारण वीस सेंटिमीटर जातो असे धरले, तर दोन सेंटिमीटरच्या जादा लांबीला ०.१ नॅनोसेकंद लागतो. ४८०पी मध्ये हा उशीर एका बिटाच्या तीन टक्क्यांइतकाही नाही. टीव्हीला तो जाणवत नाही. १०८०पी मध्ये तोच उशीर बिटाच्या पंधरा टक्के होतो. शिवाय ती तार हवेत मोकळी वळसा घेत होती, तिची जोडीदार मात्र फिल्टरमधून शिस्तीत जात होती. म्हणजे दोघींची साथच सुटली होती. काही बिट चुकीचे वाचले जातात, तेच ठिपके. चुका फार वाढल्या की टीव्ही ताळमेळ हरवतो, तोच काळा पडदा.

मुलगा त्या तीन आणि पंधरा टक्क्यांकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले की तार अगदी आखूड केली तर चालेल का. चालते, पुष्कळ लोक तसेच करतात आणि यंत्रे चालतातही. पण फिल्टर जोडीतल्या एकाच तारेवर ठेवायचा आणि दुसरीवरून काढायचा, हे मला पटत नाही. दोन्हीवर ठेवावा किंवा दोन्हीवरून काढावा. आपण ठेवायचा असे ठरले.

१५ जून

कपाटातील, प्रोसेसर निकामी झालेल्या त्याच जातीच्या बोर्डावरून फिल्टर काढला. काढण्यापूर्वी त्याच्या दोन्ही वेटोळ्यांची अखंडता मुलाने मोजली, काढल्यानंतर पुन्हा मोजली. उष्णतेने भाग मरतो तो काढतानाच, आणि मेलेला भाग बसवून दोष आपल्या हातकामाला देत बसण्यात अर्थ नाही.

पॅड नव्याने तयार केला. उचललेल्या पॅडच्या मागच्या रेषेवरील हिरवे आवरण पात्याने मिलिमीटरभर खरवडले, उघड्या तांब्यावर सोल्डरचा पातळ थर दिला, त्यावर तारेचा जेमतेम दीड मिलिमीटरचा तुकडा जोडला आणि त्याचे दुसरे टोक जुन्या पॅडच्या जागी सपाट बसवले. अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाचा थेंब टाकून तुकडा पक्का केला. मग बोर्ड खालून तापवून, वरून मंद गरम हवेने फिल्टर बसवला. तो स्वतःहून सरळ झाला, हे पाहणे मला अजून आवडते.

मोजमाप: रेषेवर टोके टेकवून आठही आकडे ०.३८ ते ०.३९. काडीने दाबून आणि न दाबता, दोन्ही वेळा तेच. शेजारच्या दोन पिनांमध्ये सोल्डरचा पूल झालेला नाही, हेही तपासले. मी विसरलो नव्हतो, पण आठवण मुलाने करून दिली.

१६ जून

१०८०पी मध्ये चित्र स्वच्छ. दुपारभर एक जड खेळ चालू ठेवला, कारण बोर्ड तापून प्रसरण पावला की कच्चे सांधे बोलू लागतात. तापलेल्या अवस्थेत केबल चारही बाजूंना हलकेच हलवली, ठिपका नाही. दुसऱ्या टीव्हीवर आणि दुसऱ्या केबलने पुन्हा पाहिले. ध्वनी तपासला, तोही याच जोड्यांवरून जातो.

मोठा भाऊ यंत्र न्यायला आला तेव्हा काय झाले होते हे त्याला धाकट्याने सांगितले, मी नाही. त्याने पाय अडकण्यापासून सुरुवात करून पंधरा टक्क्यांपर्यंत सगळे सांगितले. भावाला त्यातले किती कळले कोण जाणे, त्याने शेवटी "चालतोय ना आता?" एवढेच विचारले. केबल यंत्राच्या मागून लोंबकळू न देता स्टँडला बांधून टाकावी, असे मी सांगितले. ते त्याने लक्षपूर्वक ऐकले.

२४ जून

नवीन वस्तू: दुसरा पीएस४, तक्रार तीच, चित्र येत नाही. दिवा पांढरा होतो. आज मी दुसऱ्या कामात होतो, म्हणून तपासणी मुलाने एकट्याने केली. त्याच्या नोंदी त्याच्याच शब्दांत, शुद्धलेखन सुधारून:

"टीव्हीच्या यादीत नाव ठळक होत नाही. म्हणजे टीव्हीला कन्सोल कळलेलाच नाही. अंदाज: पिन १८ चे ५ व्होल्ट पोहोचत नाहीत. वीज काढून कापलेल्या केबलने मोजले. वेगवान आठही रेषांचे आकडे सारखे. पिन १८ वर ०.००. हीच केबल चालू कन्सोलवर लावली, तेथे पिन १८ ला आकडा येतो. म्हणजे येथे पिन १८ ग्राउंडला टेकली आहे. बोर्डावरचा एखादा भाग शॉर्ट असेल किंवा पोर्टमध्येच काही असेल. उघडण्याआधी बॅटरीने पोर्टच्या आत पाहिले. एका टोकाची पिन वाकून कवचाला टेकली आहे. क्रमांकाने ती १८ आहे की १९ हे दिसत नाही. पिन १९ मोजली, तिचा आकडा येतो. म्हणून १८."

मी त्यात एवढेच जोडले की पिन वाकलेली दिसली तरी बोर्डावर दुसरा शॉर्ट नाही, हे पोर्ट काढल्यावर पिन १८ च्या पॅडवर पुन्हा मोजून पाहावे लागेल. त्याने ते आधीच पुढच्या पानावर उद्याच्या कामांत लिहिले होते, आठ रेषांच्या फेरमोजणीच्या वर. पोर्ट बदलायचा आहे. खालून तापवण्याचे आणि गरम हवेचे काम मी करणार. चार फिल्टरांवर उष्णतारोधक पट्टी तो लावणार.